आधी ओळख, मग वजाबाकी

१ एप्रिल २०२० ला ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कन्झ्युमर हेल्थकेअर ही कंपनी मुंबईच्या हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये विलीन झाली. हॉर्लिक्स आणि बूस्ट या व्यवहाराबरोबर आले. रोख पैसे दिले नाहीत. ग्लॅक्सोच्या प्रत्येक शेअरमागे युनिलिव्हरचे ४.३९ शेअर द्यायचे ठरले होते, म्हणजे एकूण सुमारे १८.४६ कोटी शेअर. डिसेंबर २०१८ मध्ये व्यवहार जाहीर झाला तेव्हा या शेअरांची किंमत ३१,७०० कोटी रुपये होत होती. विलीनीकरणाच्या दिवशी तेच शेअर ४०,२०० कोटींच्या वर गेले होते. हॉर्लिक्स या ब्रँडची भारतातली मालकी परदेशी ग्लॅक्सोकडे होती. ती युनिलिव्हरने वेगळे ३,०४५ कोटी रुपये मोजून घेतली.

पुढच्या मार्चअखेरच्या ताळेबंदात गुडविल सुमारे १७,३०० कोटी दिसलं आणि मुख्यतः ब्रँडच्या रूपातली इतर अमूर्त मालमत्ता २७ हजार कोटींहून अधिक. हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापले जातात आणि बहुतेक वाचक दोन्हींकडे एकाच नजरेने पाहतात: नाव, पत, प्रतिष्ठा, जे काही हाताला लागत नाही ते. या पुस्तकाचा विषय नेमका या दोन ओळींमधला फरक आहे. दुसऱ्या ओळीतली प्रत्येक गोष्ट कुणीतरी शोधली, तिला नाव दिलं, तिची किंमत काढली आणि ती ऑडिटरला पटवून दिली. पहिली ओळ कुणीच मोजलेली नाही. ती वजाबाकीतून उरली आहे.

परचेस प्राइस अॅलोकेशन, म्हणजे मोजलेल्या किमतीची वाटणी, हे त्या वजाबाकीच्या आधीचं काम. इंड एएस १०३ या मानकाचा क्रम सरळ आहे. व्यवसाय कुणी घेतला आणि कोणत्या दिवशी ताब्यात आला हे ठरवायचं. त्या दिवशीच्या भावाने मोबदला मोजायचा. आलेली प्रत्येक ओळखता येणारी मालमत्ता आणि देणी त्या दिवशीच्या रास्त मूल्याला लिहायची, मग ती विकणाऱ्याच्या वहीत असोत वा नसोत. हे सगळं झाल्यावर जे उरेल ते गुडविल. विकणाऱ्याच्या वहीत स्वतः घडवलेला ब्रँड नसतो, ग्राहकांची यादी नसते, स्वतः लिहून घेतलेलं सॉफ्टवेअर बहुधा नसतं. म्हणून पुस्तकी किमतीवरून थेट वजाबाकी केली, तर या सगळ्या गोष्टी निनावी होऊन गुडविलमध्ये बुडतात.

युनिलिव्हरच्या उदाहरणातून एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात यावी. गुडविलमध्ये प्रतिष्ठेशी काडीचाही संबंध नसलेला भाग असतो. शेअरच्या बदल्यात व्यवहार झाला आणि घोषणा ते ताबा या काळात शेअर वाढला, तर मोबदला आपोआप फुगतो. इथे तो साडेआठ हजार कोटींनी फुगला. ब्रँडचं रास्त मूल्य शेअरच्या भावावरून ठरत नाही. त्यामुळे अशी वाढ जिथे ओळखलेल्या मालमत्तेत मुरत नाही, तिथे ती गुडविलमध्ये जाऊन बसते. दुसरा भाग डिफर्ड टॅक्सचा. ब्रँड नव्याने ताळेबंदात आला पण आयकराच्या हिशेबात त्याची किंमत शून्य राहिली, तर त्या फरकावरचा कर देणं म्हणून दाखवावा लागतो आणि तेवढंच गुडविल वाढतं. त्याच मार्चअखेर युनिलिव्हरचं डिफर्ड टॅक्सचं निव्वळ देणं सहा हजार कोटींच्या घरात होतं. गुडविल किती हे वाचताना त्यातलं किती नुसत्या गणितातून आलं, हा प्रश्न आधी विचारावा.

पण एवढ्या मोठ्या आकड्यांत कामाची रीत दिसत नाही. म्हणून हे पुस्तक ज्या ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या लेखापालांसाठी आणि तरुण सीएंसाठी लिहिलं आहे, तिथलंच एक उदाहरण या प्रस्तावनेत सविस्तर सोडवतो. ते रचलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक प्रश्न खऱ्या कामात येतो.

शीळफाट्याला मुंब्र्याकडून पनवेलकडे जाणारा जुना रस्ता, कल्याण-शीळ रस्ता आणि महापेकडून येणारा रस्ता एकत्र येतात. जेएनपीटीहून भिवंडीकडे निघालेले कंटेनर इथूनच जातात आणि तळोजा व डोंबिवली या दोन्ही एमआयडीसी हाकेच्या अंतरावर आहेत. समजा, इथे एक लाख चौरस फुटांचं भाड्याचं गोदाम चालवणारी एक खासगी कंपनी आहे. ती कारखान्यांचा माल साठवते, वेळेवर पोचवते आणि साठ्याचा हिशेब ठेवते. उलाढाल वर्षाला ४० कोटी. पुण्याची एक सूचीबद्ध कंपनी तिचे सगळे शेअर ४५ कोटी रोख देऊन घेते. विकत घेतलेल्या कंपनीच्या वहीत निव्वळ मालमत्ता १४ कोटींची आहे. कुणी घाईत असेल तर ४५ वजा १४, गुडविल ३१ कोटी, असं लिहून मोकळा होईल.

आता गोदामात जाऊ. आधी डोळ्यांना दिसतं ते: रॅक, फोर्कलिफ्ट, ट्रक. घसारा कापून वहीत उरलेल्या किमतीपेक्षा त्यांचा बाजारभाव २ कोटींनी जास्त निघतो. मग भाडेकरार वाचायचा. भाडं चौरस फुटाला महिना १८ रुपये ठरलेलं आहे, आज तसंच गोदाम २२ रुपयांना जातं, आणि कराराची चार वर्षं शिल्लक आहेत. म्हणजे चार रुपयांप्रमाणे वर्षाला ४८ लाखांची बचत. १० टक्क्यांनी आजची किंमत काढली तर दीड कोटी. हा फायदा वेगळी अमूर्त मालमत्ता म्हणून दाखवत नाहीत. भाड्याच्या जागेच्या वापरहक्काच्या मालमत्तेत तो मिळवतात. पण तो मोजायचाच, कारण विकत घेणाऱ्याने त्याचे पैसे दिले आहेत.

यानंतर खरी शोधाशोध सुरू होते. कसोटी दोन वाक्यांची आहे. ती गोष्ट धंद्यापासून सुटी करून विकता, भाड्याने देता किंवा हस्तांतरित करता येते का? नसेल, तर ती करारातून किंवा कायद्यातून आलेला हक्क आहे का? दोन्हींपैकी एकाचं उत्तर 'हो' असेल तर तिला नाव मिळतं. गोदामातले सुपरवायझर आणि हिशेबनीस पंधरा-पंधरा वर्षं तिथे आहेत, त्यांच्यावाचून धंदा चालणार नाही. तरीही हा जमलेला कर्मचारीवर्ग वेगळा दाखवता येत नाही. मानकाने तो स्पष्टपणे गुडविलमध्ये ठेवला आहे. साठ्याचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर मात्र कंपनीने स्वतः करून घेतलं आहे आणि ते दुसऱ्या गोदामवाल्याला विकता येईल. तसंच आज नव्याने लिहून घ्यायला किती खर्च येईल, त्यातून जुनेपणाचा भाग वजा करून त्याची किंमत १ कोटी २० लाख धरू.

कंपनीचं नाव. पुण्याची कंपनी ते सहा महिन्यांत पुसून स्वतःचं नाव लावणार आहे. म्हणून नावाची किंमत शून्य धरावी, असं विकत घेणाऱ्याचा संचालक हमखास म्हणतो. तसं करता येत नाही. रास्त मूल्य म्हणजे बाजारातला सर्वसाधारण खरेदीदार त्या गोष्टीला काय देईल ते. या खरेदीदाराचा बेत काय, ते नव्हे. नाव भाड्याने घ्यावं लागलं असतं तर किती रॉयल्टी द्यावी लागली असती, या पद्धतीने उलाढालीच्या एक टक्का म्हणजे वर्षाला ४० लाख धरले. कर जाऊन ३० लाख, पाच वर्षं, १५ टक्के दराने आजची किंमत सुमारे १ कोटी. खरेदीदार नाव लवकर टाकून देणार असेल तर ते एक कोटी लवकर खर्ची पडेल, एवढाच त्याच्या बेताचा परिणाम.

आणि मग ग्राहक. या धंद्यात पैसा इथेच आहे आणि चुकाही इथेच होतात. आज माल ठेवणाऱ्या कारखान्यांशी असलेले संबंध पुढे किती कमाई देतील, हा प्रश्न. नवे ग्राहक त्यात धरायचे नाहीत. ते विकत घेतलेले नाहीत, ते पुढे मिळवायचे आहेत आणि त्यांची आशा गुडविलमध्ये जाते. टॅलीतून पाच वर्षांची पार्टीवार विक्री काढायची आणि पहिल्या वर्षाच्या पार्ट्यांकडून दरवर्षी किती धंदा टिकला ते पाहायचं. गळती पार्ट्यांच्या संख्येवर काढू नये, रकमेवर काढावी. वीस लहान पार्ट्या गेल्या आणि दोन मोठ्या राहिल्या, तर संख्या घाबरवते आणि रक्कम धीर देते. समजा, वर्षाला १५ टक्के गळती निघाली.

४० कोटींच्या धंद्यावर कर जाऊन १५ टक्के उरतात. पण ते सगळे ग्राहकांमुळे नाहीत. रॅक, ट्रक, खेळतं भांडवल, सॉफ्टवेअर, नाव आणि माणसं यांनी मिळून तो धंदा केला. प्रत्येकाला त्याच्या वाट्याचं भाडं दिल्यासारखं वजा करायचं. इथे माणसांचाही वाटा काढतात, जरी ती ताळेबंदात येत नसली तरी. हे सगळे वाटे मिळून उलाढालीच्या ५ टक्के धरले, तर ग्राहकसंबंधांच्या नावावर १० टक्के म्हणजे आजच्या पातळीवर ४ कोटी उरतात. पहिल्या वर्षी गळतीमुळे ३ कोटी ४० लाख, दुसऱ्या वर्षी २ कोटी ८९ लाख, असं कमी होत जातं. १५ टक्के दराने दहा वर्षांची आजची किंमत १० कोटी ८० लाख येते. गळती १५ ऐवजी २५ टक्के असती तर हाच आकडा ७ कोटी ४० लाखांवर आला असता. एका गृहीतकावर एवढं अवलंबून असतं, म्हणून त्यामागचा पुरावा वहीतला हवा, व्यवस्थापनाच्या तोंडचा नको.

आता शीळफाट्याचा प्रश्न. ग्राहक या कंपनीकडे का येतात? तिच्या सेवेसाठी, की तीन रस्त्यांच्या नाक्यावरच्या जागेसाठी? जागेसाठी येत असतील, तर चार वर्षांनी भाडेकरार संपल्यावर ते राहतील का? भाडेकरार चार वर्षांचा आणि ग्राहकसंबंध दहा वर्षांचे, ही दोन गृहीतकं एकाच अहवालात आली की थांबावं. करार वाढवून मिळेल याचा पुरावा असेल, म्हणजे मालकाने आधी वाढवून दिला असेल किंवा करारात तो हक्क असेल, तर दहा वर्षं चालतील. नसेल तर ग्राहकांचा हिशेब चार वर्षांवर तोडावा लागतो, आणि १० कोटी ८० लाखांचे सुमारे ७ कोटी ९५ लाख होतात.

याच ठिकाणी दुसरी, अधिक सूक्ष्म चूक लपते. ग्राहकांच्या कमाईचा हिशेब करताना भाडं कोणतं धरलं, १८ की २२? वहीत १८ आहे, म्हणून सहसा तेच उचललं जातं. पण चार रुपयांची बचत आपण भाडेकरारात दीड कोटी म्हणून आधीच मोजली आहे. १८ रुपयांवर ग्राहकांची कमाई काढली, तर तीच बचत दुसऱ्यांदा ग्राहकांच्या किमतीत शिरते. म्हणून ग्राहकांच्या हिशेबात बाजाराचं २२ रुपये भाडं कापलेलं असलं पाहिजे. वरचे १५ टक्के तसेच काढले आहेत. एखाद्या अहवालात अनुकूल भाडेकरार आणि ग्राहकसंबंध दोन्ही दिसले, की मी सगळ्यात आधी हे भाडं तपासतो.

करार वाढवून मिळण्याचा पुरावा आहे असं धरून बेरीज करू. यंत्रं व ट्रक २ कोटी, भाडेकरार दीड कोटी, ग्राहक १० कोटी ८० लाख, नाव १ कोटी, सॉफ्टवेअर १ कोटी २० लाख. पुस्तकी किमतीवर एकूण साडेसोळा कोटींची भर. शेअर विकत घेतल्यामुळे आयकराच्या हिशेबात जुन्याच किमती राहतात, म्हणून या भरीवर सुमारे २५ टक्के दराने ४ कोटी २० लाखांचं डिफर्ड टॅक्स देणं. १४ अधिक साडेसोळा वजा ४.२, म्हणजे ओळखलेली निव्वळ मालमत्ता २६ कोटी ३० लाख. ४५ मधून ती वजा केली की गुडविल १८ कोटी ७० लाख. घाईतल्या ३१ कोटींच्या जागी हा आकडा आला, आणि त्यात काय आहे हे आता सांगता येतं: कर्मचारीवर्ग, पुढे मिळवायचे ग्राहक, पुण्याच्या धंद्याशी जोडल्यामुळे होणारी बचत, आणि ४ कोटी २० लाखांचं निव्वळ करगणित.

हा आकडा बरोबर आहे की नाही याची एक परीक्षा सगळे अनुभवी मूल्यांकन करणारे घेतात. ४५ कोटी या किमतीत खरेदीदाराला किती टक्के परतावा अपेक्षित आहे ते काढायचं. मग प्रत्येक मालमत्तेला तिच्या जोखमीप्रमाणे परतावा द्यायचा: ट्रकला कमी, ग्राहकांना जास्त. एकूण परताव्याची तोंडमिळवणी व्हायला गुडविलने किती टक्के द्यायला हवेत, ते आपोआप ठरतं. सगळ्यांत अनिश्चित गोष्ट गुडविल आहे, म्हणून तो दर ग्राहकांच्या दरापेक्षा थोडा वर असावा. तो खाली आला तर ओळखलेल्या मालमत्तेचा दर बहुधा चढा धरून तिला कमी किंमत दिली गेली आहे; अवास्तव वर गेला तर तिचा दर कमी धरून तिला जास्त किंमत दिली गेली आहे. खरेदीदाराने मुळात जास्त पैसे मोजले असतील, तर तेही इथेच उघडं पडतं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारणाऱ्याने पुढच्या वर्षाचा नफा-तोटा पाहावा. इंड एएसमध्ये गुडविल दरवर्षी खर्ची पडत नाही. वर्षातून किमान एकदा त्याची किंमत टिकली आहे का एवढं तपासतात. ग्राहक, नाव, सॉफ्टवेअर मात्र आयुष्यानुसार खर्ची पडतात. आपल्या उदाहरणात ग्राहकांचे दहा वर्षांत वर्षाला १ कोटी ८ लाख, नाव सहा महिन्यांत पुसलं जाणार म्हणून नावाचे पूर्ण १ कोटी, सॉफ्टवेअरचे चार वर्षांत वर्षाला ३० लाख, मिळून पहिल्या वर्षी २ कोटी ३८ लाख. म्हणून सूचीबद्ध खरेदीदाराला सगळं गुडविलमध्ये टाकण्याचा मोह होतो: नफा चांगला दिसतो. ग्राहक निघून जातात, पण त्यांच्यासाठी मोजलेले पैसे ताळेबंदात तसेच उभे राहतात. हॉर्लिक्ससारखा ब्रँड अमर्याद आयुष्याचा धरता येतो, कारण तो पिढ्यान्‌पिढ्या चालल्याचा इतिहास समोर असतो. शीळफाट्याच्या गोदामाला तो निकष लावता येत नाही.

आयकरात हाच मोह उलट दिशेने धावतो. स्मिफ्स सिक्युरिटीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गुडविलवर घसारा मान्य केला होता. २०२१ च्या वित्त कायद्याने तो बंद केला. पण शेअर न घेता पूर्ण धंदाच स्लम्प सेलने घेतला, तर सॉफ्टवेअर, ट्रेडमार्क, व्यावसायिक हक्क यांवर घसारा मिळू शकतो, गुडविलवर नाही. त्यामुळे तिथे प्रत्येक गोष्टीला नाव देण्याची घाई असते आणि ग्राहकांची किंमत फुगवली जाते. सूचीबद्ध आणि मोठ्या कंपन्यांनाच इंड एएस लागू असल्याने ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या बहुतेक लहान खरेदीदारांना वाटणीचा प्रश्न पहिल्यांदा या करातून भेटतो. ग्राहक गळतात किती आणि भाडं बाजारात किती, ही तथ्यं ऑडिटरसाठी एक आणि कर अधिकाऱ्यासाठी दुसरी असू शकत नाहीत. दोन्हीकडे एकच अहवाल ठेवता येईल अशीच वाटणी टिकते.

मानकाने यासाठी ताब्याच्या तारखेपासून जास्तीत जास्त एक वर्ष दिलं आहे. त्या मुदतीत आकडे बदलता येतात, पण त्या दिवशी असलेली आणि नंतर कळलेली तथ्यं समोर आली तरच. ताब्यानंतर तीन महिन्यांनी एखादा मोठा ग्राहक त्याचा कारखाना बंद पडल्यामुळे गेला, तर तो नंतरचा तोटा आहे. त्याने ताब्याच्या आधीच नोटीस दिली होती आणि ती फाइलमध्ये सापडली, तर वाटणी सुधारायची. फरक एका तारखेचा, पण त्यावर तोटा नफ्यातून कापला जातो की गुडविलमध्ये विरघळतो, हे ठरतं.

पुढची प्रकरणं याच क्रमाने आहेत: करार वाचणं, ओळखणं, ग्राहक, नाव, तंत्रज्ञान, कर, आणि शेवटी तोंडमिळवणी. मूल्यांकनाची सूत्रं मी मुद्दाम शेवटच्या प्रकरणांत ठेवली आहेत. सूत्र चुकलं तर तपासणारा पकडतो. न ओळखलेली मालमत्ता कुणालाच दिसत नाही, कारण ती गुडविलच्या आकड्यात शिरून गप्प बसते. म्हणून या पुस्तकातली पहिली यादी सही होण्याआधी, ड्यू डिलिजन्स चालू असतानाच करावी. विकणारा तेव्हा उत्तरं द्यायला समोर असतो, जुने भाडेकरार आणि नोटिसांच्या फायली उघड्या असतात, आणि कशासाठी किती देतो आहोत हे कळल्यावर किंमत अजून बदलता येते.